नवी लाइन बसवताना बुडालेलं उत्पादन: प्रकल्पाच्या खर्चात नेमकं किती धरायचं?

प्रश्न: आमचा भांडुपला केसांच्या तेलाचा बॉटलिंगचा कारखाना आहे. जुनी लाइन काढून त्याच जागी नवी बसवायची आहे. सप्टेंबरमध्ये २२ कामाचे दिवस काम बंद राहील. (दरवर्षी पावसाळ्यात ४ दिवस ओव्हरहॉलसाठी लाइन बंद असतेच.) मी एनपीव्हीचा तक्ता करतोय. मालक म्हणतात, "जे उत्पादन झालंच नाही त्याचा खर्च कसला? व्हाउचर दाखव." सेल्सवाले म्हणतात, बुडालेली सगळी विक्री खर्चात टाका. सर, कुणाचं धरू?
आकडे: सध्या दोन शिफ्टमध्ये रोज ४०,००० बाटल्या. मागणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोज ३६,०००, मे ते जुलै २८,०००. जीएसटी सोडून भाव ५२ रुपये, माल ३४, वीज-वाहतूक-स्कीम मिळून ४, स्थिर खर्च वाटल्यावर नफा ५. मशिनरी उभारणीसह ४.२० कोटी. करानंतरची आवक दरवर्षी ९८ लाख, ८ वर्षं, दर १४ टक्के.

उत्तर:

व्हाउचर नसलं तरी हा प्रकल्पाचाच खर्च आहे आणि तो तक्त्यात आलाच पाहिजे. पण तो सेल्सवाल्यांच्या आकड्याच्या आसपासही नाही. दोघांच्या मधे कुठेतरी खरा आकडा आहे आणि तो शोधून काढावा लागतो. त्या शोधातच तुमच्या लक्षात येईल की तुमच्या बाबतीत सगळा निर्णय या एका ओळीवर फिरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मालकांच्या मुद्द्याला आधी उत्तर देऊ. प्रकल्पाच्या तक्त्यात आपण पुस्तकातला खर्च मोजत नाही. प्रकल्प केला तर कंपनीच्या तिजोरीत किती पैसे असतील आणि केला नाही तर किती असतील, यातला फरक मोजतो. नवी लाइन घेतली नाही तर सप्टेंबरमध्ये माल जाईल आणि पैसे येतील. घेतली तर त्यातले काही पैसे येणार नाहीत. हा फरक फक्त या प्रकल्पामुळे पडतोय, म्हणून तो या प्रकल्पाच्याच माथी. मालकांना समजवायचं असेल तर दिवाळीच्या तोंडावर रंगकामासाठी ४ दिवस बंद ठेवलेल्या दुकानाचं उदाहरण द्या. रंगाऱ्याचं बिल तेवढंच येतं, पण ४ दिवसांचा गल्ला गेला हे दुकानदाराला कुणी सांगावं लागत नाही.

आता किती गेलं ते बघू. सरळ गुणाकार केला तर तुमच्याच आकड्यांतून तीन उत्तरं निघतात. १८ दिवस गुणिले ४०,००० म्हणजे ७,२०,००० बाटल्या. विक्रीच्या भावाने ३.७४ कोटी, काँट्रिब्यूशनने, म्हणजे भावातून माल आणि वीज-वाहतूक-स्कीम वजा करून उरणाऱ्या १४ रुपयांनी, १.०१ कोटी आणि नफ्याने ३६ लाख. मीटिंगमध्ये भांडण होतं ते या तीन आकड्यांत. (२२ ऐवजी १८ दिवस का, तर ओव्हरहॉलचे ४ दिवस प्रकल्प नसतानाही बंदच असतात. त्यांचं नुकसान नव्या लाइनवर टाकायचं नाही. त्या ४ दिवसांसाठी दरवर्षी करता तो साठाही पुढच्या हिशेबाबाहेर ठेवला आहे.)

विक्रीचा भाव चुकीचा आहे, कारण बाटली भरली नाही तर तेल, बाटली, झाकण, लेबल, खोका यांचे ३४ रुपयेही लागत नाहीत, आणि वीज, वाहतूक, स्कीमचे ४ रुपयेही वाचतात. ५ रुपयांचा नफाही चुकीचा आहे, कारण त्यात प्रत्येक बाटलीवर वाटलेला ९ रुपयांचा स्थिर खर्च आधीच वजा केलेला आहे. गाळ्याचं भाडं, कायम कामगारांचे पगार, वीज मीटरचा डिमांड चार्ज लाइन बंद असली तरी भरावेच लागतात. तो खर्च वाचला असं धरलं तर नुकसान कमी दिसतं. म्हणून बाटलीमागे मोजायचे ते १४ रुपये. इथपर्यंत बहुतेक कॉस्टिंगवाले बरोबर येतात. पुढे गाडी घसरते ती ७,२०,००० या आकड्यावर.

तो आकडा क्षमतेचा आहे, विक्रीचा नाही. तुमची मागणी रोज ३६,००० आहे, म्हणजे १८ दिवसांत ६,४८,००० बाटल्याच विकल्या गेल्या असत्या. उरलेल्या बाटल्या कुणी मागितल्याच नव्हत्या, त्यांचं नुकसान शून्य. मग या ६,४८,००० पैकी किती बाटल्या ग्राहकापर्यंत खरोखर पोचणार नाहीत, हा खरा प्रश्न. इथे हिशेबनीस एकट्याने उत्तर देऊ शकत नाही. प्लॅनिंग, डिस्पॅच आणि सेल्स यांना एका टेबलावर बसवावं लागतं.

पहिली तरतूद म्हणजे आधी केलेला साठा. तुमच्याकडे रोज ४,००० बाटल्यांची मोकळीक आहे. बंदच्या आधीचे सहा आठवडे, म्हणजे ३६ दिवस ती वापरली तर १,४४,००० बाटल्या होतात. रविवारीही लाइन चालवता येते, पण साप्ताहिक सुट्टीचे नियम आहेत आणि माणसंही थकतात. म्हणून मी एकाआड एक, असे तीनच रविवार धरतो. त्यातून आणखी १,२०,०००. एकूण २,६४,००० बाटल्या, खोक्यात ४८ प्रमाणे ५,५०० खोके. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. दोन शिफ्टला मिळून २८ माणसं आणि ८०० रुपये रोज धरला तर रविवारी साधारण ४५,००० होतात, तिन्हीचे १.३५ लाख. आता हे ५,५०० खोके ठेवणार कुठे? भांडुपच्या कारखान्यात जागा असती तर प्रश्नच नव्हता. जुनी लाइन निघत असताना आणि नवीचे क्रेट येत असताना तुमचा फिनिश्ड गुड्सचा कोपरा तर आधी रिकामा करावा लागेल. म्हणजे भिवंडीला तात्पुरतं गोडाऊन, एक जादा ट्रिप, दोनदा हमाली. मी याचे २.४० लाख धरले आहेत. तुम्ही कोटेशन घ्या.

इथे एक खबरदारी. साठ्यात तीन महिन्यांहून कमी काळ साधारण ९० लाखांचा माल अडकतो. तक्ता महिन्यावार केला असेल तर मालाचे पैसे आधी जाणं आणि विक्रीचे नंतर येणं त्यात आपोआप दिसतं आणि १४ टक्के दर त्याची किंमत मोजतो. वर पुन्हा कॅश क्रेडिटचं व्याज लावलं तर एकच गोष्ट दोनदा धरली जाते. तक्ता वर्षवार असेल तर ही जा-ये एकाच वर्षात मिटते. तेव्हा लाखभर रुपये वेगळे दाखवले तरी चालतील. मी खाली ते घेतलेले नाहीत.

दुसरी तरतूद म्हणजे बाहेरून भरून घेणं. जॉबवर्कवाला १,५०,००० बाटल्या ५ रुपये जादा घेऊन भरून देईल असं धरू. १४ रुपयांतले ९ तरी हातात राहतात, म्हणजे करण्यासारखंच आहे. पण हे आयत्या वेळी जमत नाही. त्याच्या जागेचा एफडीए परवाना लागतो आणि लेबलवर उत्पादनाचा पत्ता बदलतो, म्हणून लेबलं वेगळी छापावी लागतात. ही तयारी दोन महिने आधी सुरू केली नसेल तर तक्त्यात ही ओळ घेऊच नका. जॉबवर्कचा जादा खर्च ७.५० लाख.

आता उरल्या २,३४,००० बाटल्या. यातली प्रत्येक बाटली "गेली" असं लिहायची घाई करू नका. दादरच्या दुकानात तुमचं तेल दिसलं नाही तर ग्राहक शेजारची बाटली उचलतो. ती विक्री गेली, ती नंतर दुप्पट होऊन परत येत नाही. परराज्यातला घाऊक व्यापारी मात्र महिन्याचा माल एकदम मागवतो, आधी सांगितलं तर तीन आठवडे थांबतो. त्याची विक्री बुडत नाही, लांबते. नवी लाइन वेगात आली की दोन-तीन दिवसांत ती भरून काढता येते. उशिराचा फटका म्हणजे काही दिवसांचं व्याज, तो किरकोळ आहे. तुमच्या ऑर्डर बुकवरून ही विभागणी करा. मी ७४,००० लांबलेल्या आणि १,६०,००० कायमच्या गेलेल्या धरतो. गेलेल्यांचं नुकसान १,६०,००० गुणिले १४, म्हणजे २२.४० लाख.

माल कमी पडणारच असेल तर कोणता कमी पाडायचा हे तुमच्या हातात आहे. तुमचे ५२ आणि १४ रुपये हे सगळ्या पॅकची सरासरी असणार. लहान पॅकमध्ये बाटलीमागे काँट्रिब्यूशन कमी असतं, पण लाइनवर वेळ जवळपास तेवढाच जातो. साठा करताना मोठे पॅक आधी करून ठेवले आणि तुटवडा लहान पॅकवर घेतला तर १४ ऐवजी ८-९ रुपयांनी नुकसान मोजावं लागेल. सेल्सवाल्यांशी हे आधी ठरवा, नाहीतर ते जो डीलर जास्त ओरडेल त्याला माल देतात.

बंद संपला की नुकसान संपलं, असं समजणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक. नवी लाइन पहिल्याच सोमवारी मिनिटाला १०० बाटल्या देत नाही. पहिल्या आठवड्यात लाइनजवळ उभं राहिलं की कारण कळतं. जुन्या पुरवठादाराच्या बाटलीच्या मानेचा घेर अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे असतो, जुन्या फिलरने ते चालवून घेतलेलं असतं. नव्या लाइनच्या स्टार व्हीलला ते चालत नाही, बाटली तिरकी होते, सेन्सर लाइन थांबवतो. ऑपरेटर बाटली काढतो, रीसेट करतो, चाळीस सेकंदांनी पुन्हा तेच. बाटलीला तेलाचा हात लागलेला असेल तर लेबलखाली बुडबुडे धरतात आणि सगळा ट्रे परत जातो. दोष कुणाचाच नसतो, फक्त वेळ लागतो.

तुमच्यासाठी मी पहिला आठवडा रोज २०,०००, दुसरा ३०,०००, तिसऱ्यापासून ४०,००० आणि मग वर, असं धरलं आहे. ३६,००० मागणीच्या तुलनेत पहिल्या आठवड्यात ९६,००० आणि दुसऱ्यात ३६,००० बाटल्यांची तूट. एकूण १,३२,००० पैकी ६०,००० जॉबवर्कवाला पुढेही भरतो, त्याचे जादा ३ लाख. उरलेल्या ७२,००० गेल्या, त्यांचे १०.०८ लाख. एकदा तपासून घ्या, तुमच्या पहिल्या वर्षाच्या ९८ लाखांत हा संथ सुरुवातीचा काळ आधीच कमी करून धरलेला नाही ना. धरलेला असेल तर इथून ही रक्कम काढून टाका.

वाचलेलंही मोजायचं. लाइन बंद असताना कंत्राटदाराचे १२ पॅकर बोलवावे लागत नाहीत. १८ दिवस, ७५० रुपये रोज, म्हणजे १.६२ लाख वाचले. (तुमच्या ४ रुपयांत मजुरी नाही असं धरलं आहे, असेल तर हे दोनदा वजा होईल.) कायम कामगारांचा पगार मात्र कुठेच लिहायचा नाही. प्रकल्प केला काय, नाही केला काय, तो द्यायचाच आहे. "२२ दिवस बसून पगार दिला" म्हणून तो प्रकल्पावर टाकलेले तक्ते मी पाहिले आहेत. १४ रुपयांचं काँट्रिब्यूशन त्या पगारात हात घालण्याआधीचं आहे. ते गेलं असं एकदा लिहिल्यावर पगार वेगळा लिहिला तर पुन्हा दुहेरी मोजणी झाली.

बेरीज अशी:

बुडालेलं काँट्रिब्यूशन (बंदमध्ये २२.४०, सुरुवातीला १०.०८): ३२.४८ लाख
जॉबवर्कचा जादा खर्च: १०.५० लाख
रविवारचा ओव्हरटाइम: १.३५ लाख
गोडाऊन आणि हमाली: २.४० लाख
वजा, वाचलेली कंत्राटी मजुरी: १.६२ लाख
एकूण: ४५.११ लाख

चाचणीत वाया जाणारं तेल, बाटल्या, लेबलं यांचे ३ लाख मी यात घेतले नाहीत. मशिनची चाचणी हा ते वापरायोग्य करण्याचा खर्च आहे, तो मशिनच्या किमतीत जातो. म्हणून भांडवली खर्च ४.२० ऐवजी ४.२३ कोटी. मशिनवरचा जीएसटी तुम्ही क्रेडिट घेणार असाल तर किमतीत धरू नका.

या भेदाला महत्त्व आहे, कारण कर वेगळा वागतो. बुडालेलं काँट्रिब्यूशन पुस्तकात कुठेही नोंदलं जात नाही, पण त्यामुळे त्या वर्षीचा नफा आपोआप कमी होतो आणि कर त्याच वर्षी कमी भरला जातो. कंपनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दरात असेल तर सरचार्ज आणि सेससह दर २५.१६८ टक्के. ४५.११ लाखांवर तो कमी केला की करानंतरचं नुकसान राहतं ३३.७६ लाख. अर्थात कंपनीला त्या वर्षी करपात्र नफा असला तरच. तोटा असेल तर हा फायदा पुढे ढकला. आता मोह काय होतो, तर "प्रकल्पाचा खर्च" म्हणायचंच आहे तर ४५ लाख मशिनच्या किमतीत मिसळायचे आणि त्यावर १५ टक्के घसारा घ्यायचा. असं करायचं नाही. न मिळालेल्या पैशावर घसारा मिळत नाही, आणि सुरुवातीचा संथ काळ किंवा त्यातला तोटा मालमत्तेच्या किमतीत घ्यायला लेखा मानकंही परवानगी देत नाहीत. तक्त्यात ही रक्कम सुरुवातीच्या स्तंभात, मशिनच्या ओळीखाली, करानंतरची वेगळी ओळ म्हणून लिहा.

आता निकाल बघा. ८ वर्षं आणि १४ टक्क्यांना वार्षिकीचा गुणक ४.६३८९ येतो. ९८ लाख गुणिले तो म्हणजे ४५४.६ लाख. त्यातून ४२३ लाख वजा केले की एनपीव्ही ३१.६ लाख. मालकांच्या हिशेबाने प्रकल्प चांगला. पण ३३.७६ लाख वजा केले की उणे २.१ लाख. सेल्सवाल्यांचे ३.७४ कोटी घातले असते तर प्रकल्पाचा विषयच निघाला नसता. प्रामाणिक आकड्याने तो काठावर येऊन उभा राहतो. काठावरच्या प्रकल्पाला लगेच नाही म्हणू नये. काय बदललं तर तो आत येतो, ते बघावं.

तुमच्या बाबतीत महिना बदलला तर येतो. हेच काम जुलैमध्ये करा. मागणी २८,०००, म्हणजे रोज १२,००० बाटल्यांची मोकळीक. मधल्या मे-जूनच्या सहा आठवड्यांत रविवार न वापरता ४,३२,००० बाटल्या होतात. बंदमध्ये मागणी ५,०४,०००, तूट फक्त ७२,०००. सुरुवातीच्या पहिल्या आठवड्यात ४८,००० कमी पडतात, दुसऱ्या आठवड्यापासून पडत नाहीत. या १,२०,००० बाटल्या सगळ्या जॉबवर्कवाला भरू शकतो, जादा खर्च ६ लाख. ९,००० खोक्यांना गोडाऊनचे ३.९० लाख, मजुरीची बचत १.६२ लाख तीच. एकूण ८.२८ लाख, करानंतर ६.२ लाख. एकही विक्री जात नाही आणि एनपीव्ही २५.४ लाख. मशिन तेच, किंमत तीच, फरक २७ लाखांहून अधिक.

या आकड्याचा उपयोग करून घ्या. मशिनवाला सप्टेंबरची डिलिव्हरी सांगत असेल तर ती आठ आठवडे अलीकडे आणण्यासाठी किती जादा द्यायचं, याची वरची मर्यादा तुम्हाला आता माहीत आहे. १०-१२ लाख जादा मागितले तर देऊन टाका. ही रक्कम तक्त्यात नसती तर खरेदी विभागाने तेच १० लाख "वाचवले" असते. मात्र अलीकडे आणणं शक्य नसेल आणि पर्याय थेट पुढच्या जुलैचा असेल, तर हिशेब वेगळा: एनपीव्ही दहा महिने लांबतो आणि तेवढे दिवस जुन्या लाइनच्या उणिवा चालू राहतात. तरीही तो उणे २.१ लाखांपेक्षा बराच वर राहील, पण आकडे मांडून बघा. 

जुलैला दोन जोखमी आहेत. पाणी तुंबलं की मशिनचा ट्रेलर रस्त्यात अडकतो, आणि क्रेट उतरवायला क्रेन रात्रीच मिळते, त्यात पाऊस असेल तर दिवस जातो. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये ओल असेल तर खोके नरम पडून खालचे थर बसतात. पॅलेटवर ठेवा, भिंतीपासून लांब. सप्टेंबरलाही एक छुपी अडचण आहे: काम थोडं लांबून लाइन ३ ऑक्टोबरनंतर वापरात आली तर त्या वर्षी १८० दिवस भरत नाहीत आणि घसारा निम्माच मिळतो. ४.२३ कोटींवर ७.५ टक्के म्हणजे साधारण ३२ लाखांचा घसारा त्या वर्षी कमी, करात ८ लाखांचा फरक. हा पुढे मिळतो, बुडत नाही, पण पैसे हवे त्या वर्षी हातात नसतात.

उशिराचा हिशेब स्वतंत्रपणे मांडा, कारण तो सरासरीने मोजला की फसवतो. सप्टेंबरच्या ४५.११ लाखांना १८ ने भागलं तर दिवसाला अडीच लाख दिसतात. पण एकोणिसावा दिवस अडीच लाखांचा नसतो. तोपर्यंत साठा संपलेला असतो, जॉबवर्कवाला पूर्ण भरलेला असतो आणि थांबणारे व्यापारीही थांबून झालेले असतात. त्या दिवशीच्या ३६,००० बाटल्या पूर्ण जातात, म्हणजे करापूर्वी ५.०४ लाख रोज. आठवड्याला ३० लाख. मशिनवाल्याच्या ऑर्डरमध्ये उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का असेल, तर तो ४.२० कोटींवर २.१० लाख होतो. दंडाच्या कलमावर भिस्त ठेवायची नाही. मशिन निघण्याआधी त्याच्याच कारखान्यात तुमच्या बाटल्या, तुमची झाकणं आणि तुमची लेबलं घेऊन पूर्ण शिफ्ट चालवून बघा. मानेच्या घेराचा प्रश्न तिथे सापडला तर दोन दिवसांचं काम, भांडुपला सापडला तर आठवड्याचं. तक्त्यात एक ओळ अशी ठेवा: काम ५ दिवस लांबलं तर एनपीव्ही किती. सप्टेंबरला ५ दिवसांचे २५.२ लाख, करानंतर १८.९ लाख. मालकांना हीच ओळ दाखवा, व्हाउचर मागणार नाहीत.

बँकेचं वेगळं. टर्म लोनच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या प्रकल्प खर्चात मशिनरी, उभारणी, प्री-ऑपरेटिव्ह खर्च, आकस्मिक तरतूद, खेळत्या भांडवलाचं मार्जिन असतं. बुडालेलं काँट्रिब्यूशन त्यात बसत नाही आणि बँक त्यावर कर्ज देणारही नाही. तिथे ते घुसवू नका. पण रिपोर्टमधल्या महिन्यावार रोख प्रवाहात तो खड्डा दिसलाच पाहिजे. बंदच्या काळात पगार, भाडं, व्याज जातंय, साठा संपत आल्यामुळे कॅश क्रेडिटचं ड्रॉइंग पॉवर घटतंय आणि नेमका तेव्हाच मशिनवाल्याचा शेवटचा हप्ता येतो. बँकेला आधी सांगून तात्पुरती मर्यादा घ्या.

शेवटी हा आकडा खरा होता का, ते पडताळायची सोयही आताच करून ठेवा, नंतर कुणाला आठवत नाही. डिस्पॅचला सांगा की बंदच्या पहिल्या दिवसापासून न दिलेल्या ऑर्डरची वेगळी यादी ठेवायची: डीलर, पॅक, संख्या, तारीख. लाइन वेगात आल्यानंतर आठ आठवडे त्याच डीलरची उचल नेहमीच्या उचलीशी ताडून बघा. नेहमीपेक्षा जास्त उचल झाली, तर तेवढी विक्री लांबली होती. नेहमीएवढीच झाली, तर ती गेली होती. नेहमीपेक्षाही कमी राहिली तर दुकानात तुमची जागा दुसऱ्या ब्रँडने घेतली आहे, आणि मग नुकसान १४ रुपये गुणिले त्या तीन आठवड्यांच्या बाटल्या एवढंच राहत नाही, पुढच्या महिन्यांचंही मोजावं लागतं. माझ्या वरच्या हिशेबात ही शेवटची शक्यता नाही. मोठे दोन-तीन डीलर दादर-ठाण्याच्या पट्ट्यात असतील तर त्यांच्यापुरता साठा राखून ठेवा आणि जॉबवर्कचा माल बाकीच्यांना द्या.